मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस

शुक्रवारची दुपार, चार वाजून एक्कावन्न मिनिटं. भोसरी एमआयडीसीत पंपांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. तिथे अकाउंट्समध्ये लागून प्राजक्ताला अजून महिनाही झाला नव्हता. ती निघायची आवराआवर करत होती, तेवढ्यात फोनवर मेल आला. वर कारखान्याच्या मालकांचं, देवधर सरांचं नाव. मेल इंग्रजीत होता आणि चार ओळींचाच होता. मी मीटिंगमध्ये आहे, फोन घेता येणार नाही. एक काम तातडीने करून हवं आहे. जागेवर आहेस का? तुझा मोबाइल नंबर पाठव.

देवधर सर त्या दिवशी खरोखरच कोइमतूरला एका कस्टमरकडे गेले होते, हे सगळ्यांना माहीत होतं. प्राजक्ताने लगेच नंबर पाठवला. दोन मिनिटांत व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरावरून मेसेज आला. डीपीला सरांचा फोटो होता, कारखान्याच्या वेबसाइटवर आहे तोच, निळ्या शर्टातला. कस्टमरच्या लोकांना भेट द्यायची आहे, सरप्राइज आहे, ऑफिसात कुणाला बोलू नकोस. दहा हजारांची पाच गिफ्ट कार्डं ऑनलाइन घे, कोड दिसेल असे स्क्रीनशॉट मला पाठव. तुझे पैसे आज रात्रीच देतो.

तिने स्वतःच्या क्रेडिट कार्डावर दोन कार्डं घेतली आणि पहिल्याचा कोड पाठवला. दुसऱ्याचा पाठवणार, इतक्यात शेजारच्या टेबलावरचे कुलकर्णी काका म्हणाले, "काय गं, घरी नाही जायचं?" तिने सांगून टाकलं. काकांना सायबर गुन्ह्यांतलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी अकाउंटंटचा प्रश्न विचारला: "बिल कुणाच्या नावावर घेतलंस? आणि व्हाउचर कुठल्या हेडला टाकायचं?"

याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. काकांनी सरांना फोन लावला. तो दुसऱ्या रिंगला उचलला गेला.

या भागातल्या सात-आठ छोट्या कारखान्यांची कॉम्प्युटर आणि मेलची कामं मी बघतो, म्हणून सोमवारी सकाळी तो मेल माझ्यापुढे आला. इथे नावं आणि पत्ते बदलले आहेत, बाकी हकीकत तशीच आहे. प्राजक्ता रडवेली होऊन बसली होती आणि पुनःपुन्हा एकच सांगत होती, "पण वर सरांचंच नाव होतं हो." ते खरंच होतं. सगळा खेळ तिथूनच सुरू होतो.

मेलच्या डोक्यावर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव पाठवणाऱ्यानेच टाइप केलेलं असतं. पाकिटाच्या मागे कुणीही कुणाचंही नाव लिहावं, तसं. मेल खातं उघडताना नावाच्या रकान्यात मी उद्या मुंबईच्या महापौरांचं पदनाम लिहिलं, तर माझे मेल तेच नाव मिरवत जातील. कुणी तपासत नाही. खरा पत्ता म्हणजे @ च्या मागेपुढे असलेला मजकूर. संगणकावर तो बहुतेक वेळा नावाशेजारी दिसतो. फोनच्या छोट्या पडद्यावर मात्र मेलचं ॲप जागा वाचवायला फक्त नाव दाखवतं आणि पत्ता पाहायचा तर नावावर बोट ठेवावं लागतं. म्हणून हे मेल उघडले जातात ते फोनवर, आणि येतात ते माणूस जिन्यात, बसमध्ये किंवा निघायच्या घाईत असताना.

प्राजक्ताने नावावर बोट ठेवलं असतं तर तिथेच उलगडा झाला असता. मी ते संगणकावर केलं. जीमेलमध्ये मेल उघडून उजवीकडच्या तीन टिंबांवर गेलं की `Show original` असा पर्याय मिळतो. त्यातून मेलची कच्ची कुंडली उघडते. ती लांबलचक आणि किचकट असते, पण त्यातल्या चारच ओळी वाचायच्या:

```
From: "S. Deodhar" <md.office.2291@mail.example>
Reply-To: <sd.director@inbox.example>
To: <accounts@pumpworks.example>
Date: Fri, 14 Jun 2024 12:21:07 +0100
```

पहिल्या ओळीत नाव सरांचं आणि पत्ता भलताच. कारखान्याचा मेल `pumpworks` या नावाने चालतो, हा मात्र फुकटात मिळणाऱ्या कुठल्यातरी सेवेवरून आलेला. आता मालक मंडळी घरच्या मेलवरून अधूनमधून लिहितात, हेही खरं. तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवता येत नाही. देवधर सरही पूर्वी लिहायचे.

दुसरी ओळ जास्त बोलकी आहे. `Reply-To` म्हणजे तुम्ही उत्तराचं बटण दाबल्यावर मेल जिथे जाईल तो पत्ता. साध्या पत्रव्यवहारात ही ओळ बहुधा नसतेच, असली तर वरच्याच पत्त्याची असते. इथे मेल आला एकीकडून आणि उत्तर जाणार तिसरीकडे. ही ओळ आणखी एका डावात कामी येते. चोर कधी `From` मध्ये कंपनीचा अगदी खरा पत्ता घालतो. मग उत्तर खऱ्या साहेबांकडे जाऊ नये म्हणून त्याला `Reply-To` मध्ये स्वतःचा पत्ता द्यावाच लागतो. त्यामुळे उत्तर लिहायला घेतल्यावर "टू"च्या रकान्यात कोण आलं आहे हे बघायची सवय फार उपयोगी. त्यासाठी कुंडलीही उघडावी लागत नाही.

शेवटच्या ओळीतलं `+0100` मला गमतीचं वाटलं. पाठवणाऱ्याच्या यंत्रावरचं घड्याळ ग्रिनिचच्या एक तास पुढे होतं. कोइमतूर भोसरीइतकंच, साडेपाच तास पुढे असतं आणि तिथे `+0530` दिसायला हवं होतं. बारा एकवीस म्हणजे आपले बरोबर चार एक्कावन्न. पण हा पुरावा म्हणून धरू नये. काही मेल सेवा स्वतःच्याच घड्याळाचा शिक्का मारतात आणि साहेब परदेशात असले तर आकडा बदलणारच. संशय आधीच आला असेल तर तो पक्का करायला ही खूण बरी.

हा झाला आळशी चोर. कष्टाळू चोर पैसे खर्चून कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं डोमेन विकत घेतो. याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण २०१५ चं, ओएनजीसीचं. कंपनीचे मेल `ongc.co.in` वरून जायचे. भामट्यांनी `ognc.co.in` असा पत्ता तयार केला. मधली दोन अक्षरं फक्त मागेपुढे. त्यावरून त्यांनी सौदी अरेबियातल्या ग्राहकाला लिहिलं की नॅफ्थ्याच्या मालाचे पैसे आता या खात्यात भरा. सुमारे १९७ कोटी रुपयांचं हे प्रकरण मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेकडे गेलं. तो मेल बड्या साहेबाच्या नावाने नव्हता, पण पत्त्याची कारागिरी हीच असते. पुन्हा ते दोन पत्ते पाहा. आधी सांगितलं नसतं तर फरक दिसला असता का? आपण ओळखीचा शब्द अक्षरं लावून वाचत नाही, चेहरा ओळखावा तसा ओळखतो. चेहऱ्याचा आकार तोच राहिला की डोळा पुढे सरकतो. `rn` जवळजवळ आले की `m` दिसतो, मोठा `I` आणि लहान `l` सारखेच दिसतात, `.com` चा `.co` झालेला कळत नाही, आणि कंपनीच्या नावापुढे `-india` जोडलं तर उलट जास्तच अधिकृत वाटतं. यावर मला एकच उपाय चालताना दिसला आहे: @ नंतरचा मजकूर उजवीकडून डावीकडे, एकेक अक्षर तोंडाने म्हणत वाचायचा. उलटं वाचलं की शब्दाचा चेहरा मोडतो आणि अक्षरं दिसू लागतात.

याच जागी थोडी माहिती असलेले लोक घसरतात. मेलच्या कुंडलीत आणखी एक ओळ असते:

```
Authentication-Results: spf=pass dkim=pass dmarc=pass
```

ही पडताळणी मेल घेणारी सेवा स्वतः करते. आपल्या नावाने मेल पाठवायचा परवाना कोणकोणत्या यंत्रांना आहे, याची यादी डोमेनचा मालक जाहीर करतो. `spf` म्हणजे त्या यादीशी मेळ घालणं. `dkim` म्हणजे मेलवरची मोहोर फुटलेली नाही ना, हे पाहणं. `dmarc` या दोन्हींचा मेळ आपल्याला दिसणाऱ्या पत्त्याशी घालतो, आणि मेळ बसला नाही तर मेलचं काय करायचं हेही सांगतो. कंपनीचा अगदी खरा पत्ता वापरून लिहिलेला नकली मेल इथे सापडतो, निदान कंपनीने ही व्यवस्था नीट लावली असेल तर. कुंडलीत `fail` दिसलं तर त्या मेलवर एक पैसाही हलवू नये.

पण `pass` दिसलं म्हणून सुटकेचा निःश्वास टाकायचा नाही. `ognc` हे डोमेन चोराच्या मालकीचं असलं की परवान्यांची यादीही त्याचीच आणि मोहोरही त्याचीच. तिन्ही परीक्षांत तो पास. पत्र त्याच घरातून आलं आहे एवढंच ही ओळ सांगते. ते घर कुणाचं, हे तिला ठाऊक नसतं. प्राजक्ताच्या मेलचंही तेच झालं. फुकट सेवेवरून तो रीतसर पाठवला होता, म्हणून तीन वेळा `pass`. मेलमध्ये लिंक नव्हती, जोडलेली फाइल नव्हती, त्यामुळे स्पॅमच्या चाळणीला अडवायला काही मिळालंच नाही. पहिला मेल इतका छोटा ठेवतात तो त्यासाठीच.

आणि साहेबांचं खरं खातंच चोराच्या हाती लागलं असेल तर? मग पत्ता बरोबर, मोहोर बरोबर, खालची सहीसुद्धा त्यांचीच. तेव्हा पत्त्यातून काहीच कळत नाही. असा चोर आधी काही दिवस नुसता वाचत बसतो. कोण कुणाला काय म्हणतं, कुठलं बिल थकलं आहे, साहेब कधी प्रवासात आहेत, हे सगळं टिपतो. मग मेलपेटीत एक गुपचूप नियम लावून ठेवतो: अकाउंट्सकडून येणारी उत्तरं सरळ भलत्या कप्प्यात टाक. साहेबांना ती दिसतच नाहीत. म्हणून "सर, हा मेल तुम्हीच केलाय ना?" असं मेलवरच विचारण्यात अर्थ नसतो. प्रश्न चोराकडे जातो आणि "हो, लवकर कर" असं उत्तरही तोच देतो.

मग उरतो मजकूर. नकली मेलची इंग्रजी चुकीची असते, असं पूर्वी सांगत. मी ते सांगणं सोडून दिलं आहे. आमच्या भागातल्या निम्म्या खऱ्या मालकांची इंग्रजी चोरांपेक्षा कच्ची आहे. भाषेतल्या चुकांपेक्षा भाषेची सवय बघावी. देवधर सर मेलला कधी "डिअर" लिहीत नाहीत, शेवटी "रिगार्ड्स" लिहीत नाहीत. एका ओळीत काम सांगतात आणि खाली दोन अक्षरं टाकतात. काम खरंच घाईचं असलं तर मेल करतच नाहीत. ते "अगं प्राजक्ता, ते जरा बघ" असं फोनवर ओरडतात. "तू जागेवर आहेस का?" हे वाक्य त्यांच्या तोंडी आजवर कुणी ऐकलेलं नाही. नव्या मुलीला हे कुठून कळणार? म्हणूनच निवड तिची झाली. नोकरी लागल्यावर तिने लिंक्डइनवर कारखान्याचं नाव आणि आपलं पद लिहिलं होतं. साहेबांची बोलण्याची ढब ठाऊक नसलेली, त्यांच्यावर छाप पडावी असं वाटणारी आणि उलट विचारायला बिचकणारी व्यक्ती चोराला आयती सापडली होती.

त्याहून मोठी खूण म्हणजे काय मागितलं आहे ती वस्तू. गिफ्ट कार्डच का? बँकेत पैसे पाठवले तर मागे खातं राहतं, खात्याला नाव, पत्ता, केवायसी असते. गिफ्ट कार्डाचा कोड मात्र नोटेसारखा. ज्याला दिसला त्याचा. तो वापरायला कार्ड हातात असावं लागत नाही, म्हणून तर फोटो किंवा स्क्रीनशॉट मागतात. कोड मिळाला की मिनिटांत तो कुठल्यातरी खात्यात जमा होतो किंवा कमी भावात पुढे विकला जातो. आपल्याकडच्या मागणीत दहा हजारांचा आकडा पुनःपुन्हा येतो त्यालाही कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे प्रीपेड गिफ्ट कार्डात एका वेळी जास्तीत जास्त १०,००० रुपयेच भरता येतात. पन्नास हजार काढायचे तर पाच कार्डं मागावी लागतात.

याच्या समोर कंपनीची रीत ठेवून पाहा. दिवाळीला आमच्या कारखान्यांतही कार्डं वाटतात. पण त्याची यादी एचआर करतं, पर्चेस ऑर्डर निघते, पैसे कंपनीच्या खात्यातून जातात, जीएसटीचं बिल येतं आणि कार्ड कर्मचाऱ्याच्या हातात पडतं. त्याचा कोड मालकाने मागवायचं कारणच नाही. कुलकर्णी काकांचा प्रश्न नेमका इथे लागला. खर्चाला बिल नाही, हेड नाही, पैसे तीन आठवड्यांच्या मुलीच्या क्रेडिट कार्डातून, आणि वस्तू म्हणजे नुसता आकडा. काकांना कुंडली वाचता येत नाही, पण हिशेबात न बसणारी नोंद त्यांना लांबून वास येऊन कळते.

मोठ्या रकमेच्या बाबतीत चाल संथ असते आणि सजावट भरपूर. इटलीच्या तेक्निमोंत या इंजिनिअरिंग कंपनीच्या मुंबईतल्या उपकंपनीचं प्रकरण यात शिकण्यासारखं आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये भारतातल्या प्रमुखांना समूहाच्या सीईओंचे मेल येऊ लागले. पत्ता खऱ्याशी बेमालूम मिळताजुळता. विषय असा की चीनमधली एक कंपनी विकत घ्यायची आहे आणि बोलणी अत्यंत गोपनीय आहेत. त्यावर कॉन्फरन्स कॉल ठरले. एकदा नव्हे, अनेकदा. कॉलवर कुणी सीईओ होतं, कुणी स्वित्झर्लंडमधला नामवंत वकील, कुणी कंपनीचे इतर वरिष्ठ. सगळी नाटकमंडळी. इटलीतून पैसे पाठवण्यात नियमांची अडचण आहे, म्हणून ते भारतातून जावेत, असं गळी उतरवलं गेलं. एका आठवड्यात तीन हप्ते हाँगकाँगच्या खात्यांत गेले: ५६ लाख, ९४ लाख आणि ३६ लाख डॉलर. एकूण १ कोटी ८६ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे १३० कोटी रुपये. तिकडे ते बघता बघता काढून घेतले गेले. चौथ्या हप्त्याचीही मागणी आली होती. डिसेंबरमध्ये कंपनीचे अध्यक्ष भारतभेटीला आले तेव्हा सगळं उघडकीला आलं.

वाचताना वाटतं, एवढा मोठा माणूस फसलाच कसा? पण त्याच्या खुर्चीत बसून बघा. त्याने फोनवर खात्री केली होती. निदान तसं त्याला वाटलं. घोटाळा इतकाच की ते कॉल समोरच्यांनी ठरवलेले होते आणि समोरच्यांनीच जोडलेले होते. वर्षातून दोनदा ऐकलेला आवाज कॉलवर ओळखता येत नाही, आणि शेजारी वकील बसवला की शंका काढणं उद्धटपणाचं वाटू लागतं. खूण आवाजात नव्हतीच. ती व्यवहाराच्या घडणीत होती. चीनमधल्या खरेदीचे पैसे मुंबईच्या शाखेने का द्यायचे? ते हाँगकाँगला का जायचे? आणि समूहात ज्या दोघा-चौघांना हे ठाऊक असायलाच हवं, त्यांच्याशीच बोलायची बंदी का? पैसे पाठवल्याबरोबर आणखी मागणी येणं, हे तर या धंद्याचं ठरलेलं वळण. प्राजक्तालाही पहिला कोड गेल्यावर एका मिनिटात "बाकीचे?" असा मेसेज आला होता.

पुण्यातली घटना अजून बऱ्याच जणांच्या लक्षात असेल. सप्टेंबर २०२२ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकांना अदर पूनावाला यांच्या नावाने व्हॉट्सॲपवर मेसेज आले, आणि मेसेजमध्ये दिलेल्या वेगवेगळ्या खात्यांत १ कोटी १ लाख रुपये भरले गेले. पूनावालांनी असा मेसेज केलाच नव्हता. बंडगार्डन पोलिसांकडे गुन्हा नोंदला गेला आणि ज्यांच्या खात्यांत पैसे गेले होते त्यांच्यापैकी काहींना पुढे अटकही झाली. इथे मला महत्त्वाचा वाटतो तो "वेगवेगळ्या खात्यांत" हा भाग. एका कंपनीचं एक देणं एका खात्यात जातं. ते चार-सहा जणांच्या खात्यांत तोडून भरायला सांगितलं, तर ती बहुधा भाड्याने घेतलेली खाती असतात. पैसे आल्याबरोबर पुढे सरकवायची कामगिरी त्यांच्यावर असते. १ एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटी करताना खातेदाराचं नाव बँकेकडून आधी दाखवण्याची सोय रिझर्व्ह बँकेने लावून दिली आहे. नवं खातं भरल्यावर ते नाव जरूर वाचावं. मेलमध्ये "अमुक टूल्स प्रायव्हेट लिमिटेड" आणि बँकेच्या पडद्यावर कुणा व्यक्तीचं नाव, असं दिसलं तर थांबावं. नाव जुळलं तरी काम संपत नाही, कारण मिळत्याजुळत्या नावाची खातीही उघडली जातात.

दोन सह्यांचा नियम असला की आपण सुरक्षित, असं पुष्कळ मालक मला सांगतात. त्यांना मी मॅटेलची गोष्ट सांगतो, बार्बी बाहुल्या बनवणारी ती अमेरिकी कंपनी. एप्रिल २०१५ मध्ये तिथल्या वित्त विभागातल्या एका वरिष्ठ बाईंना नव्याने आलेल्या सीईओंचा मेल आला: चीनमधल्या एका पुरवठादाराला पैसे पाठवा. कंपनीत दोघांच्या मंजुरीचा नियम होता. एक मंजुरी त्यांची आणि दुसरी? ती तर मेलमध्येच आली होती, खुद्द सीईओंची. म्हणजे चोरानेच दुसरी सही केली. तीस लाखांहून थोडे जास्त डॉलर वेंजोऊ शहरातल्या बँकेत गेले. काही तासांनी त्या सीईओंशी बोलताना सहज म्हणाल्या की ते पैसे पाठवले हं, आणि सीईओंनी विचारलं, कुठले पैसे? नशीब असं की दुसऱ्या दिवशी १ मे होता, चीनमधल्या बँकांना सुट्टी. सोमवारी बँका उघडल्या तेव्हा पोलीस आणि कंपनीचे लोक तिथे हजर होते. खातं गोठवलं गेलं आणि पैसे परत आले. असं क्वचित होतं. चोरांना सहसा सुट्टी आपल्याकडची हवी असते, म्हणून त्यांचे मेल शुक्रवारी संध्याकाळी किंवा सणाच्या आदल्या दिवशी पडतात. आपली बँक, आपले साहेब, आपले आयटीवाले, सगळे घराकडे निघालेले असतात.

हे सगळे मेल समोर मांडून बसलो तर पत्ता, घड्याळ, भाषा प्रत्येकात वेगवेगळी निघते. एक गोष्ट मात्र मी पाहिलेल्या प्रत्येकात होती, ती म्हणजे विचारायच्या वाटा बंद करणं. मीटिंगमध्ये आहे, म्हणजे फोन बंद. सरप्राइज आहे, म्हणजे शेजारच्याला विचारणं बंद. आत्ताच हवं, म्हणजे सोमवारपर्यंत थांबणं बंद. व्हॉट्सॲपवर ये, म्हणजे कंपनीच्या मेलवर लक्ष ठेवणारी यंत्रणाही बंद. खऱ्या साहेबालाही घाई असते, पण "कुणाला विचारू नकोस" असं त्याला का वाटावं? म्हणून मी माझ्या कारखान्यांत सांगतो ते एवढंच. नवं खातं किंवा नेहमीबाहेरची मागणी आली की फोन करायचा, आणि तोही आधीपासून जवळ असलेल्या नंबरावर. मेलमधल्या नंबरावर नाही, त्या व्हॉट्सॲपवरही नाही. समोरून आलेला फोन चालणार नाही. आपण लावलेला हवा.

यात खरी अडचण तंत्राची नसते, साहेबांची असते. "एवढंसं विचारायला फोन करतेस?" असं जो मालक दोनदा खेकसला, त्याच्या ऑफिसात तिसऱ्यांदा कुणी फोन करत नाही. देवधर सरांना हे मी तोंडावर सांगितलं. ते जरा घुश्शात आले, मग हसले.

त्या शुक्रवारी पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. काकांनी फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत प्राजक्ताने कार्ड विकणाऱ्या दुकानाच्या कस्टमर केअरला ऑर्डर नंबर सांगितला. पहिला कोड तोवर वापरला गेला होता. दुसरा तिच्याकडेच राहिला होता, तो वाचला. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार लागली, `cybercrime.gov.in` वर तिची नोंद झाली. व्हॉट्सॲपची सगळी बोलणी आणि मूळ मेल न पुसता जपून ठेवायला मी सांगितलं, कारण मेल पुसला की कुंडलीही जाते. बँकेत पैसे गेले असते तर या हेल्पलाइनमार्फत पुढच्या खात्यात ते अडवायला काही अवधी मिळू शकला असता. कोडच्या बाबतीत तो जवळजवळ नसतोच. दहा हजार गेले ते गेले. सरांनी ते तिच्या पगारातून कापले नाहीत. काकांनी ती नोंद कुठल्या हेडला टाकली ते मी विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये सर पुन्हा कोइमतूरला होते. दुपारी त्यांचा मेल आला: चाकणच्या टूलमेकरने खातं बदललं आहे, तीन लाख चाळीस हजार आजच टाक. पत्ता बरोबर होता, खाली नेहमीची दोन अक्षरं होती. प्राजक्ताने उजवीकडून डावीकडे वाचून पाहिलं आणि फोन उचलला.

"सर, मीटिंगमध्ये आहात का?"

"आहे. बोल."

"खात्याचे शेवटचे चार आकडे सांगता का?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. सरांनी आकडे सांगितले, आणि मग म्हणाले, "टूलमेकरलाही फोन लाव हं एक. खातं बदललंय असं त्यानेही मला मेलवरच कळवलंय."